फुल्लीगोळ्यात समोर दिसणारा विजय सोडून प्रोग्राम भलतीकडेच का खेळतो?

खटपट्या

नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही, कारकुनी करतो. सुट्टीत पायथन शिकायला घेतलं आणि चौथीतल्या लेकीसाठी फुल्लीगोळा लिहिला. कॉम्प्युटर फुल्ली, ती गोळा, पहिली खेळी कॉम्प्युटरची. खेळी निवडायला मिनिमॅक्स वापरलाय. प्रोग्राम आजवर एकदाही हरलेला नाही, पण काल एक विचित्र प्रकार झाला. घरांना नंबर दिलेत ते असे:

```
1 2 3
4 5 6
7 8 9
```

कॉम्प्युटर १ वर खेळला, लेक २ वर. कॉम्प्युटर ४ वर, लेक ३ वर. पाटी अशी झाली:

```
X O O
X . .
. . .
```

७ वर फुल्ली टाकली की उभी ओळ पूर्ण, खेळ खलास. माझा प्रोग्राम खेळला ५ वर! लेक हसायलाच लागली, "बाबा, याला ७ दिसत नाही का?" तिने ७ अडवलं, मग तो ६ वर खेळून जिंकला. म्हणजे जिंकला तो जिंकलाच, पण असा वळसा घालून का? कोड खाली देतोय. पाटीवर मी १ पासून मोजतो, कोडात अर्थातच ० पासून आहे.

```python
def minimax(b, x_turn):
    w = winner(b)
    if w == 'X': return 10
    if w == 'O': return -10
    if ' ' not in b: return 0
    scores = []
    for i in range(9):
        if b[i] == ' ':
            b[i] = 'X' if x_turn else 'O'
            scores.append(minimax(b, not x_turn))
            b[i] = ' '
    return max(scores) if x_turn else min(scores)
```

याच्या वर एक `best_move` आहे. ते प्रत्येक रिकाम्या घरात फुल्ली टाकून गुण काढतं आणि आधीच्यापेक्षा `>` असेल तरच नवीन घर धरतं.

अनुस्वार

हा मिनिमॅक्सचा नेहमीचा घोळ आहे. समोरचा अगदी हुशार आहे असं तो धरून चालतो. तुमची लेक चुकीचं खेळली, त्यामुळे त्याच्या हिशोबात नसलेली मांडणी समोर आली आणि तो गोंधळला. चुकणाऱ्या माणसासमोर मिनिमॅक्स चालत नाही.

काजवा

अनुस्वार, पहिलं वाक्य बरोबर आहे, पुढचं नाही. तो कशानेही गोंधळत नाही, कारण आधीच्या खेळ्या त्याला ठाऊकच नसतात. दर वेळी समोर जी पाटी आहे तिथून तो नव्याने, शेवटच्या घरापर्यंत सगळं खेळून बघतो. समोरचा हुशार धरल्याने एवढंच होतं की त्याने काढलेला गुण ही किमान हमी असते. समोरचा चुकला तर त्याहून बरंच पदरात पडेल, वाईट पडणार नाही.

खटपट्या, तुमच्या कोडात चूक नाही. `b[i] = ' '` ही ओळ बहुतेक नवखे विसरतात आणि मग पाटीवर भुताटकी सुरू होते, ती तुम्ही लिहिली आहे. प्रोग्रामला ७ दिसलं होतं. त्याच्या लेखी ७ आणि ५ यांत काही फरकच नव्हता. त्याने काय पाहिलं ते हाताने काढून बघू. त्या पाटीवर रिकामी घरं पाच: ५, ६, ७, ८, ९.

७ वर फुल्ली टाकली की खेळ तिथेच संपतो. गुण +१०.

५ वर टाकली तर तीन ठिकाणी धोका तयार होतो: ७ वर उभी ओळ, ६ वर मधली आडवी, ९ वर तिरकी. गोळ्याला एकच घर अडवता येतं. गोळा कुठेही गेला तरी पुढच्या खेळीला फुल्ली जिंकते. इथे `min` समोर येणारे सगळे आकडे +१० च असतात, त्यातला सगळ्यात लहानही +१०. म्हणून ५ चा गुण +१०.

६ आणि ९ चंही तसंच. ६ वर टाकली की ५ आणि ७ दोन्हीकडे धोका, ९ वर टाकली तरी ५ आणि ७. दोन्ही +१०.

गंमत आहे ८ ची. ते घर बघून कुणालाही वाटेल की ही वाया गेलेली खेळी. ८ वर टाकल्यावर फुल्लीला धोका फक्त ७ चा. गोळा ५, ६ किंवा ९ वर गेला तर फुल्ली ७ घेऊन जिंकते. हुशार गोळा ७ अडवणार, आणि त्यातून त्याचाही ३-५-७ असा तिरका धोका उभा राहतो. पण तो मोडायला फुल्ली ५ वर बसते, की लगेच ६ आणि ९ असे दोन धोके. गोळा एक अडवतो, फुल्ली दुसऱ्यावर जिंकते. म्हणजे ८ सुद्धा +१०.

पाचही घरांना +१०! तुमच्या `best_move` ला आधीच्यापेक्षा मोठा आकडा मिळाला तरच घर बदलायचंय. पहिलं घर ५, त्याला +१०. पुढचा एकही +१० त्याहून मोठा नाही. म्हणून ५. घरं उलट्या क्रमाने तपासली असतीत तर तो ९ वर खेळला असता.

रिकामटेकडा

मीही कॉलेजात असताना हाच खेळ लिहिला होता. मी `max`/`min` च्या भानगडीत पडलो नाही. प्रत्येक खेळीपुढे जेवढे शेवट येतात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज करायचो, जिची बेरीज जास्त ती खेळी. जास्त वाटांनी जिंकता येतं ते घर चांगलं, सरळ हिशोब. मस्त चालायचा. कधीमधी हरायचा, पण माणूसही हरतोच की.

सुलभाताई

माझं मत विचाराल तर मुलीला जिंकू द्या. चौथीतल्या पोरीला रोज हरवून काय मिळणार? मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात पाटीवर फुल्लीगोळा खेळताना मी मुद्दाम दोनदा हरायचे आणि तिसऱ्यांदा जिंकायचे. मुलं मग स्वतःहून विचारायची, "बाई, कसं केलंत?" तुमचा प्रोग्राम वळसा घालून जिंकतो ते चांगलंच आहे की, तिला अजून एक संधी मिळते.

खटपट्या

ताई, संधी तिला मिळतच नाही ना, तीच गंमत आहे. वळसा घालूनही तो जिंकतोच. आणि तिला जिंकू देणारा प्रोग्राम लिहिला तर ती मला सोडणार नाही, "तू मुद्दाम केलंस" म्हणेल.

काजवा, पाचही घरांना +१० हे वाचून मी `print` टाकून पाहिलं. खरंच, पाचही `10`. आता प्रश्न असा की अशा वळशात विजय हातचा जाणार नाही कशावरून? आज ५, उद्या आणखी वळसा, परवा बरोबरी.

काजवा

फुल्लीगोळ्यात नाही जाणार. तो ज्या घरावर खेळतो त्याला +१० असतो, म्हणजे तिथून पुढे गोळा काहीही करो, विजय पक्का. पुढच्या पाटीवर तो परत +१० चंच घर शोधणार, आणि ते असणारच. घरं नऊ, प्रत्येक खेळीला एक कमी होतं, त्यामुळे वळसे घालायलाही जागा संपते. कधीतरी जिंकणारी खेळी करावीच लागते.

बुद्धिबळासारख्या खेळात मात्र हेच खरंच नडतं, कारण तिथे सोंगटी पुढे नेऊन परत मागे आणता येते. मात दिसतेय, पण आणखी एक चाल इकडे करून मग दिली तरी गुण तोच, मग पुढच्या वेळीही तोच विचार, असं करत विजय लांबणीवर पडतच राहतो. म्हणून तिथले प्रोग्राम मात किती चालींवर आहे ते गुणात धरतात.

रिकामटेकडा, तुमच्या हिशोबात समोरचा डोळे मिटून घर निवडतो. एक पाटी बघा. फुल्ली १ आणि ९ वर, गोळा मधल्या ५ वर, पाळी गोळ्याची. गोळा ३ च्या कोपऱ्यात गेला तर ७ वर जिंकायचा धोका तयार होतो. फुल्लीला पाच उत्तरं आहेत. त्यातल्या चारांवर गोळा लगेच ७ घेऊन जिंकतो. पाचवं उत्तर ७ अडवायचं. त्यात फुल्लीचे ४ आणि ८ वर एकदम दोन धोके उभे राहतात आणि गोळा मेला. गोळ्याच्या बाजूने मोजलं तर सरासरी निघते चार वेळा +१० आणि एकदा −१०, भागिले पाच, म्हणजे +६. मिनिमॅक्स म्हणतो −१०, कारण समोर बसलेला माणूस ते एकच उत्तर शोधणार.

रिकामटेकडा

पण तिथे कडेचं घर घेतलं तर सरासरी आणखी जास्त निघते! २ वर गोळा टाकला की ८ चा धोका. पाचपैकी चारांवर विजय आणि पाचव्यात निदान हार नाही. सरासरी +८ च्या खाली जात नाही. म्हणजे माझ्या पद्धतीनेही कडच निवडली असती आणि वाचलो असतो.

काजवा

कबूल. त्या पाटीवर वाचला असतात. पण योग्य घर सापडलं आणि कारण चुकीचं, असं झालं ते. शिवाय तुम्ही सांगताय की सरळ सगळ्या शेवटांची बेरीज करायचात. मी काढली ती सरासरी त्याहून बरी, कारण तीत गोळा स्वतः तरी नीट खेळतो. तुमचा प्रोग्राम कुठल्या पाटीवर हरला ते आठवत असेल तर टाका, नेमकं काय झालं ते काढू.

रिकामटेकडा

वीस वर्षांपूर्वीची पाटी कुठून आठवणार ताई. फ्लॉपीत होती.

अनुस्वार

बरं, माझं पहिलं चुकलं. पण वळसा घालण्यावर उपाय सोपा आहे. गुणातून कितवी खेळी आहे ते वजा करायचं. लवकर जिंकलं तर जास्त गुण, उशिरा जिंकलं तर कमी. मी तर +१० ऐवजी नुसते +१ आणि −१ वापरतो. मिनिमॅक्सला आकडा किती मोठा याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून `1 - depth` आणि हरल्यास `depth - 1`.

खटपट्या

केलं. काहीच्या काही खेळायला लागला! त्या पाटीवर ७ घेतलं खरं, पण दुसऱ्या डावात समोरचा धोका अडवलाच नाही. लेक आयुष्यात पहिल्यांदा जिंकली. सुलभाताई खूश होतील.

सुलभाताई

झाले!

काजवा

अनुस्वारने सांगितलेली दिशा बरोबर, आकडा घात करणारा. +१, ०, −१ असे तीनच गुण असतील तर ते १ आहेत की १००० याने खरंच काही बिघडत नाही, फक्त क्रम लागतो. पण त्यातून खेळी वजा करायला लागलात की आकड्याच्या आकाराला अर्थ येतो. हिशोब मांडून बघा. पहिल्याच खेळीत जिंकलं तर १ − १, म्हणजे शून्य. बरोबरीचाही गुण शून्य. तिसऱ्या खेळीत जिंकलं तर १ − ३, म्हणजे −२. विजय बरोबरीपेक्षा वाईट! आणि चौथ्या खेळीत हरलं तर ४ − १, म्हणजे +३. हार विजयापेक्षा वर! सगळी उतरंडच उलटी झाली, मग तो वेड्यासारखा खेळणार नाही तर काय.

अट एवढीच की सगळ्यात उशिराचा विजयसुद्धा बरोबरीच्या वर राहिला पाहिजे आणि सगळ्यात उशिराची हारसुद्धा खाली. डाव जास्तीत जास्त नऊ खेळ्यांचा. म्हणून १० बरोबर पुरतात, १० − ९ म्हणजे १ उरतो. तुमचा पहिला +१० तसाच ठेवा आणि एवढंच बदला:

```python
if w == 'X': return 10 - depth
if w == 'O': return depth - 10
```

`minimax` ला `depth` द्या, आतल्या हाकेत `depth + 1`, आणि `best_move` मधून पहिली हाक १ ने. मग तुमच्या पाटीवरचे गुण असे यायला हवेत: ७ ला ९. ५, ६ आणि ९ ला ७. आणि ते ८ चं लांबचं घर, जिथे विजय पाचव्या खेळीला मिळतो, त्याला ५. वेगळे आले तर कुठेतरी एकने चुकलंय.

खटपट्या

`7 7 9 5 7`. अगदी तेच! आता पठ्ठ्या धडाधड ७ वर खेळतो.

अजून एक निरीक्षण. लेक म्हणाली, आता मी फुल्ली, तो गोळा. तर मी जुना कोड, म्हणजे खेळी न मोजणारा, गोळ्याच्या बाजूने बसवून तीच पाटी दिली: फुल्ली १ आणि ४ वर, गोळा २ वर, पाळी गोळ्याची. कुणीही ७ अडवेल. हा खेळला ३ वर. म्हणजे लेक जे खेळली होती तेच!

काजवा

हे सुंदर आहे. कारण तेच, फक्त उलट्या बाजूने. त्या पाटीवर गोळा हरलेलाच आहे. ७ अडवलं तरी फुल्ली ५ वर येऊन ६ आणि ९ असे दोन धोके टाकते. सगळ्या घरांचा गुण हरण्याचा, सगळे सारखे, म्हणून पहिलं रिकामं घर, ३. अडवलं काय न अडवलं काय, त्याला दोन्ही सारखंच. खेळी मोजणाऱ्या कोडात ३ वर गेलं तर दुसऱ्या खेळीत हार, गुण ८. ७ वर गेलं तर चौथ्या खेळीत, गुण ६. गोळ्याला लहान आकडा हवा, म्हणून तो ७ घेतो. हरणं टळत नाही, पण तेवढ्यात समोरचा माणूस चुकू शकतो.

आणि लेकीची मूळ चूक ३ नव्हती, २ होती. समोरच्याने कोपरा घेतला की आठ उत्तरांपैकी फक्त मधलं घर बरोबरी देतं, उरलेली सातही हरतात. तिने २ घेतलं तेव्हाच हा डाव गेला होता.

अनुस्वार

मग प्रोग्रामने पहिली खेळी कोपऱ्यातच का करायची नाही? आठातलं एकच उत्तर वाचवतं. मधून सुरुवात केली तर चारही कोपरे वाचवतात, म्हणजे चार. माणसाला चुकायला कोपऱ्यात जागा जास्त. पण मिनिमॅक्स नऊच्या नऊ घरांना शून्यच देणार. हेच मी पहिल्यांदा म्हणत होतो, फक्त नीट बोललो नाही.

काजवा

आता नीट बोललात. हो, ही मर्यादा खरी आहे. त्याला "बरोबरी" एवढंच कळतं, "समोरच्याला अवघड जाणारी बरोबरी" कळत नाही. खटपट्यांचा प्रोग्राम १ वर सुरू करतो तेही केवळ ते यादीत पहिलं आहे म्हणून. पण चुकण्याच्या जागा मोजून घर निवडायचं म्हटलं की परत रिकामटेकडांच्या दारात जातो आपण. माणूस आठ उत्तरांतून डोळे मिटून एक उचलत नाही. लहान पोरंसुद्धा बऱ्याचदा मधलंच घर घेतात.

अनुस्वार

बरोबरीच्या घरांमध्ये निवड करण्यापुरतं मोजलं तर काय बिघडतं? हमी तर तशीच राहते.

काजवा

हमी राहते. उपयोग किती होईल यावर माझा तुमच्याइतका विश्वास नाही, एवढंच.

सुलभाताई

हे पोरांना कॉम्प्युटरशिवायही दाखवता येतं बरं का. डोनाल्ड मिची नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये काड्यापेट्यांचं यंत्र केलं होतं, फुल्लीगोळा खेळणारं. ३०४ काड्यापेट्या, प्रत्येकीवर एक पाटी, आत रंगीत मणी. जिंकलं की मणी वाढवायचे, हरलं की काढायचे. आम्ही शाळेत करायला घेतलं आणि साठेक पेट्यांवर दम संपला.

काजवा

ताई, ते भारीच आहे, पण ते उलट्या टोकाचं. ते यंत्र पुढचं काहीच बघत नाही, हरून हरून शिकतं. मिनिमॅक्स काहीच शिकत नाही, दर वेळी सगळं पुन्हा बघतो.

खटपट्या

सगळं म्हणजे किती, ते मी मोजलं. पहिल्या खेळीआधी `minimax` ला ५,४९,९४५ वेळा हाक जाते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तेवढ्यात घोटभर चहा होतो. मग कुठेतरी अल्फा-बीटा वाचलं, बसवलं, आता खेळी लगेच येते. शिवाय रोज तोच डाव नको म्हणून सारखा गुण असलेल्या घरांतून `random.choice` लावलं.

आणि आज सकाळी लेकीने त्याला हरवलं. खरोखर हरवलं. ती फुल्ली, प्रोग्राम गोळा. ती १, तो ६. ती ३, तो २. ती ७, आणि ४ व ५ दोन्ही उघडे. मी म्हटलं होतं ना, न हरणारा प्रोग्राम आहे म्हणून! आता घरात तोंड दाखवायला जागा नाही.

काजवा

अल्फा-बीटा आणि `random.choice` एकत्र लावलेत तिथेच गडबड आहे. वेगवेगळे दोन्ही निर्दोष.

अल्फा-बीटा वेळ वाचवतो कसा, तर "हे घर आधी सापडलेल्यापेक्षा चांगलं निघणार नाही" एवढं कळलं की तपास थांबवतो. नेमकं किती वाईट ते बघतच नाही. तुमच्या डावात लेक १ वर होती. गोळ्याने ५ तपासलं, गुण ०, तो खरा. मग ६ तपासायला घेतलं. लेकीच्या उत्तरांतलं २ आधी बघितलं, ते गोळ्याला फायद्याचं, तिथे थांबायचं कारण नाही. मग ३ बघितलं. गोळ्याने २ अडवलं, त्यावर लेक ४ वर गेली तर निदान बरोबरी होते हे दिसलं, आणि बस, तपास तिथेच बंद. लेक ७ वर गेली तर जिंकते हे त्याने पाहिलंच नाही, कारण गरज नव्हती. ६ हे ५ पेक्षा चांगलं नाही एवढं सिद्ध झालं. पण वर आकडा आला ०.

त्या ० चा अर्थ "बरोबरी" असा नाही, "बरोबरी किंवा त्याहून वाईट" असा आहे. काटेकोर `<` लावून निवडलं असतं तर ६ कधीच आलं नसतं, कारण ५ आधीच हातात होतं. तुम्ही दोन्ही शून्यं एका टोपलीत टाकून चिठ्ठी काढलीत.

खटपट्या

डोकं गरगरलं, पण कळलं. मग रोज वेगळा डाव हवा असेल तर?

काजवा

तपासायच्या आधी घरांचा क्रमच पिसा, `random.shuffle` ने, आणि निवड मात्र काटेकोर ठेवा. आधी सापडलेलं घरच राहील, आणि त्याचा आकडा खरा असेल. नाहीतर `best_move` मधून प्रत्येक घराला पूर्ण मोकळी मर्यादा देऊन हाक मारा, म्हणजे वरच्या पायरीवर छाटणी होणार नाही. थोडा वेळ जास्त लागेल.

खरं तर या खेळाला अल्फा-बीटाचीही गरज नाही. वेगवेगळ्या क्रमाने खेळून तीच पाटी पुन्हा पुन्हा येते. नियमात बसणाऱ्या वेगळ्या पाट्या आहेत फक्त ५,४७८, रिकामी धरून. एकदा काढलेला गुण डिक्शनरीत ठेवला की साडेपाच लाखांचे साडेपाच हजार होतात आणि प्रत्येक आकडा खरा राहतो.

अनुस्वार

पण गुणात खेळी मोजलीय ना? मग डिक्शनरीत ठेवलेला गुण दुसऱ्या वाटेने आल्यावर चुकणार.

काजवा

चांगला प्रश्न. बुद्धिबळात चुकतो. इथे नाही, कारण पाटीवर किती खुणा आहेत त्यावरून कितवी खेळी ते ठरतंच, वाट कुठलीही असो. फक्त एक खबरदारी घ्या, डिक्शनरी प्रत्येक `best_move` ला रिकामी करा. नाहीतर `depth` १ पासून मोजलेले जुने गुण पुढच्या पाटीवरच्या गुणांत मिसळतील. किंवा `depth` ऐवजी पाटीवरच्या खुणाच मोजा, मग रिकामी करायचीही गरज नाही.

खटपट्या

खुणा मोजल्या. क्रम पिसला. अल्फा-बीटा काढून टाकला. काल रात्री तो स्वतःशीच हजार डाव खेळला, हजारही बरोबरीत. लेक चार डाव खेळली, चार बरोबऱ्या. आता तिला कंटाळा आलाय. म्हणते, चार बाय चारचा करा, चार ओळीत आले की जिंकला. सोळा घरं फक्त, म्हणून ९ च्या जागी १६ केलं, विजयाच्या ओळी बदलल्या. एका जुन्या फाइलवर केलं बहुतेक, डिक्शनरी नसलेल्या. तासभर झाला, लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय आणि पहिली खेळी अजून आलेली नाही.

काजवा

बंद करा तो. सोळा घरं भरायचे क्रमच सुमारे एकवीस लाख कोटी होतात, मधेच संपणारे डाव वगळले तरी फार फरक पडणार नाही. डिक्शनरीवाली फाइल शोधा, आणि १० − `depth` चे १० तिथे पुरणार नाहीत, निदान १७ करा.

रिकामटेकडा

माझी बेरजेची पद्धतही तिथे तासभर चालली असती, एवढं नमूद करतो.